सगळ्यांना थोडं थोडं

देवळाईच्या पुढं, जिथं शहर शेतांत घुसत चाललं होतं, तिथं कोरड्या नाल्यावर एक जुना छोटा पूल होता. बैलगाड्यांच्या काळातला. आता त्यावरून दिवसभर मुरुमाचे हायवा डंपर अन् पाण्याचे टँकर जात होते, म्हणून तो रुंद करायचा ठरला. जुन्या स्लॅबला लागून नवा स्लॅब ओतायचा अन् दोन्ही एकमेकांना लोखंडानं बांधून टाकायचे. रामेश्वर त्या कामावर मुकादम होता. नाल्यात पाणी नव्हतं, त्या वर्षी कुठंच नव्हतं, त्यामुळं कामाला मात्र कसला अडथळा नव्हता.

जुन्या काँक्रीटला नवं काँक्रीट नुसतं टेकवून चालत नाही. वरून टँकर गेला की नवा भाग दबतो, जुना दबत नाही, अन् मधल्या सांध्याला पायरी पडते. म्हणून जुन्या स्लॅबच्या कडेत आडवी भोकं पाडायची, प्रत्येक भोकात केमिकल भरायचं, त्यात सळई बसवायची. केमिकल वाळलं की सळई अर्धी जुन्यात पक्की, उरलेली अर्धी बाहेर. त्या बाहेरच्या अर्ध्याभोवती नवा स्लॅब ओतला की एकाच्या भरवशावर दुसरा उभा राहतो. अशा सळयांना कामावर सगळे डॉवेल म्हणतात.

रामेश्वर वैजापूरकडचा. घराणं मेंढपाळाचं. शहरात येऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, पण धाकटा भाऊ हनुमान मागच्या दिवाळीनंतर आला. आला म्हणजे आई बानाबाईनं त्याला जीपमध्ये बसवून पाठवला. "त्याला एकटं सोडू नको," एवढंच ती फोनवर बोलली होती.

तसं सांगण्याचं कारण होतं. आधीच्या मोठ्या दुष्काळात मेंढरं कोंडायचा त्यांचा वाडगा भरलेला होता. गावात टँकर आठवड्यातून एकदा यायचा. रामेश्वर सुट्टी काढून गावी गेला अन् म्हणाला, "अर्धी मेंढरं वैजापूरच्या बाजारात घाल. अंगावर मांस हाय तवर घाल. उरलेल्या अर्ध्यांना तरी पोटभर पाजता येईल." हनुमाननं ऐकलं नाही. आईनंही नाही. "पाजायचं तर समद्यांना," ती म्हणाली. "एकीला पाजायचं अन् दुसरीनं बघायचं, असं आपल्यात नाय." हनुमान रोज रांजणातून पाणी काढायचा अन् एकेका मेंढीपुढं वाटी धरायचा. एकीलाही चुकवायचा नाही. सगळ्यांना थोडं थोडं मिळालं, अन् उन्हाळा संपायच्या आत सगळी गेली. शेवटची मेंढी गेल्यावर हनुमान बोलायचाच थांबला. वाडग्याच्या काट्यांत तोंड घालून बसायचा.

इथं आल्यावर त्याच्या हातात ड्रिल मशीन आलं अन् माणूस हळूहळू पुन्हा माणसांत आला. सरळ भोक पाडायची त्याला नजर होती. मशीन छातीला टेकवून, डोळा मिटून, तो काँक्रीटशी काहीतरी पुटपुटायचा. बन्सी नावाचा गवंडी होता, गंगापूरचा, तोंडाचा फाटका. तो म्हणायचा, "रामेश्वरदादा, तुझा भाऊ भिंतीच्या कानात सांगतो काय रं? लगीन ठरवतोय का तिचं?" अन् हनुमान हसायचा. रामेश्वरला त्या हसण्यासाठी बन्सीचं सगळं माफ होतं.

साइटच्या इंजिनिअर सायली मॅडम. हिशोब करून दाखवायची त्यांची पद्धत मोठी छान होती. त्यांनी एकदा रामेश्वरला शिकवलं, अन् रामेश्वरनं तेच हनुमानला शिकवलं. जुन्या स्लॅबवरच, खडूनं.

"हे बघ," त्यानं एक मोठा गोल काढला अन् त्याच्या पोटात लहान गोल. "मोठा गोल म्हंजे भोक. लहान गोल म्हंजे सळई. केमिकल कुठं राहणार?"

"मधल्या फटीत."

"व्हय. म्हणून मोठ्यातून लहान वजा करायचा. भोक वीस मिलीमीटरचं. वीस गुणिले वीस?"

"चारशे."

"सळई सोळाची. सोळा सोळं?"

हनुमाननं बोटांवर मोजलं. "दोनशे छप्पन्न."

"चारशेतून गेले दोनशे छप्पन्न, उरले एकशे चव्वेचाळीस. पण हा झाला चौकोनाचा हिशोब. गोलाला थोडं कमी लागतं, म्हणून त्याला शून्य पूर्णांक सातशे पंच्याऐंशीनं गुणायचं. झाले एकशे तेरा. भोकाची खोली दोनशे. एकशे तेराला दोनशेनं गुण. बावीस हजार सहाशे. हजारानं भागलं की मिलिलिटर. एका भोकाला साडेबावीसच्या वर थोडं."

"मेंढीच्या कोकराला पाजतो तेवढं," हनुमान म्हणाला.

"तेवढंच धर. सळया साठ. साठ भोकांना तेराशे छप्पन्न. त्यात वीस टक्के नासधूस धरायची. नळी फोडली की पहिले फवारे फेकावे लागतात, आतली दोन केमिकलं मिसळून एकरंगी होऊन येईस्तोवर. पुढच्या नोझलच्या तोंडात थोडं अडकतं, थोडं बाहेर सांडतं. झाले सोळाशे सत्तावीस. एक नळी पाचशेची. किती नळ्या?"

हनुमाननं खडूनं तीन रेघा ओढल्या. मग म्हणाला, "तीन पुरत नायत. चार."

रामेश्वरनं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी हनुमाननं हिशोब पुसू दिला नाही. पुढंही त्यावर पाय न देता चालायचा.

भरायची रीतही तो शिकला होता. भोक पाडलं की आधी हवा मारायची, मग तारेचा ब्रश फिरवायचा, पुन्हा हवा मारायची, कारण भुकटी राहिली तर केमिकल काँक्रीटला न धरता भुकटीलाच धरतं. नोझल भोकाच्या तळापर्यंत घालायचं अन् भरत भरत मागं यायचं. भोक अर्ध्याच्या थोडं आत भरलं की सळई गोल फिरवत आत न्यायची. "सळई तळाला टेकली की तोंडाशी केमिकल बाहेर आलं पाहिजे," रामेश्वरनं सांगून ठेवलं होतं. "तोंडाशी दिसलं म्हंजे आत पोकळी नाय."

पुलाच्या सळया बसवायच्या होत्या त्या दिवशी सायली मॅडमनी रामेश्वरला पडेगावच्या साइटवर बोलावलं. तिथला स्लॅब ओतायचा होता, मुकादम आजारी पडला होता. जाताना, न्यायला आलेल्या मॅडमसमोरच, रामेश्वरनं चार नळ्या, त्या दाबायची गन अन् ड्रिलच्या बिटांची पेटी हनुमानच्या हवाली केली.

"जमल ना?"

"जमल की."

"चारात बसतं बघ. हिशोब पक्का हाय."

हे शेवटचं वाक्य त्यानं धीर द्यायला म्हटलं होतं. पुढं कितीतरी दिवस त्याला ते आठवत राहिलं.

दिवस कलताना तो परत आला. जुन्या स्लॅबच्या कडेला साठ सळया एका ओळीत उभ्या होत्या. आडव्या होत्या खरं तर, पण अशा सरळ की पाहणाऱ्याला उभ्याच वाटाव्यात. प्रत्येकीच्या मुळाशी करड्या केमिकलचं गोल कडं. रामेश्वरचं मन भरून आलं. हनुमान नाल्यात हात धूत होता, बाटलीतल्या पाण्यानं, थेंब थेंब.

"बघ की दादा," बन्सी म्हणाला. "तुझ्या भावाची मेंढरं कशी रांगेत उभी राह्यली. अन् काम बी झटक्यात. सकाळी बिटाचं टोक तुटलं, जुन्या गजावर आदळलं. मग पेटीतलं मोठं लावलं. सळई अशी आत जायची, लोण्यात सुरी जशी!"

"कुठलं मोठं?" रामेश्वरनं विचारलं.

"पंचवीसचं. दुसरं व्हतंच कुठं?"

रामेश्वरनं पेटी उघडली. विसाचं बिट टोकाशिवाय पडलं होतं. पंचवीसच्या बिटावर ताजी भुकटी होती. पंचवीस आणि वीस यांच्यात फरक पाचाचा. हातात धरून पाहिला तर करंगळीच्या नखाएवढाही नाही. पण हिशोबात तो पाचाचा राहत नाही. रामेश्वर सळयांकडं बघत उभ्याउभ्या तोंडी करू लागला. पंचवीस पंचवीसं सहाशे पंचवीस. त्यातून दोनशे छप्पन्न गेले, उरले तीनशे एकोणसत्तर. गोलाचं गुणून दोनशे नव्वदच्या आसपास. दोनशे खोली. अठ्ठावन्न मिलिलिटर. साडेबावीसच्या जागी अठ्ठावन्न. साठ भोकांना, नासधूस धरून, नऊ नळ्या लागल्या असत्या.

अन् रिकाम्या नळ्या पडल्या होत्या चारच.

तो एका सळईपाशी वाकला. खिशातला खिळा काढून तोंडाशी असलेल्या केमिकलच्या कड्यावर दाबला. पापुद्रा मोडला अन् खिळा अलगद आत गेला, जवळजवळ पूर्ण. आत हवा होती. दुसऱ्या सळईला तेच. मधल्या एकीला तेच. शेवटच्या एकीलाही.

"हनुमान."

हनुमान आला. त्यानं खिळा बघितला अन् त्याचा चेहरा उतरला.

"केमिकल कमी पडलं?"

"व्हय."

"कधी कळलं?"

"सात-आठ भोकं भरली तवाच. पहिली नळी संपली. तुझ्या हिशोबानं संपाया नको व्हती."

"मग थांबला का नाय? फोन का नाय केला?"

हनुमाननं बोटांवरचं वाळलेलं केमिकल खरवडलं.

"तू म्हणला व्हता चारात बसतं," हनुमान म्हणाला. "मॅडमसमोर म्हणला व्हता. पाचवी मागितली असती तर त्या म्हणल्या असत्या, रामेश्वरचा हिशोब चुकला. म्हणून मग मी चारात बसवलं."

"अन् तोंडाशी?"

"भरलेली व्हती तीतलं वलं थोडं काढून घेतलं. अन् मग समद्यांना सारखं दिलं. थोडं थोडं. एकीला बी चुकवलं नाय. शेवटी बोटानं तोंडाशी लावलं. तू म्हणला व्हता तोंडाशी दिसाया पायजे."

रामेश्वरला रागवायला जागा सापडत नव्हती. त्यानं स्लॅबच्या कडेला टेकून फोन काढला अन् सायली मॅडमना लावला.

"दादा," बन्सी हळूच म्हणाला, "उद्या टेस्टला तीनच सळया वढणार. त्या तू दाखवशील त्याच. कशाला..."

"कंच्या दाखवू?" रामेश्वर म्हणाला. "चांगली एक बी नाय यांत."

मॅडम सकाळी सळई ओढून बघायचा जॅक घेऊन आल्या. रामेश्वरनं फोनवर सगळं सांगितलं होतं तरी त्यांनी टेस्ट केलीच. कागदावर काय लिहायचं ते डोळ्यांनी पाहूनच लिहायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. जॅक सळईला जोडला, दांडा मारायला सुरुवात केली. पाच टनांपर्यंत सळई हलता कामा नये. काटा तिनाच्या आतच थरथरला अन् सळई आतून सुटली. एखाद्या म्हाताऱ्याचा दात निघावा तशी, फारसा आवाज न करता. दुसरी तशीच. तिसरी थोडी जास्त टिकली अन् तीही आली. तळाकडच्या अर्ध्यावर केमिकल चिकटलेलं होतं, बाकी सळई कोरडी.

मॅडमनी ती सळई हातात फिरवून पाहिली. चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रामेश्वरला वाटलं.

"सगळ्या अशाच भरल्यात?"

"सगळ्या सारख्याच," रामेश्वर म्हणाला.

"तीच तर पंचाईत आहे." त्या हनुमानकडं वळल्या. समजावून सांगायचा त्यांचा तोच सूर होता. "हे बघा हनुमान, केमिकल होतं तेवढ्यात अठ्ठावीस-तीस भोकं पूर्ण भरली असती. ती पक्की बसली असती. बाकीची रिकामी राहिली असती, ती मला दिसली असती, आज मी केमिकल आणून ती भरली असती. काही बिघडलं नसतं. आता साठांपैकी एकही धरता येत नाही. अर्धी भरलेली सळई म्हणजे अर्धी सळई नव्हे. वरून टँकर गेला की ती काहीच करत नाही, नुसती आहे असं वाटतं."

हनुमाननं मान वर केली. कालपासून पहिल्यांदा.

"अन् मग बाकीच्यांना?" त्यानं विचारलं.

मॅडमना प्रश्न कळला नाही. "बाकीच्या काय?"

"तीस भरायच्या. अन् बाकीच्या तीस नुसत्या बघत राहायच्या?"

मॅडमनी रामेश्वरकडं पाहिलं. रामेश्वरनं दुसरीकडं पाहिलं. त्याला पाणी भरलेली वाटी दिसत होती अन् वाटी धरलेला हात.

"सळया आहेत त्या, हनुमान," मॅडम सावकाश म्हणाल्या. मग रामेश्वरला म्हणाल्या, "सगळ्या स्लॅबच्या तोंडाशी कापा. दोन भोकांच्या मधे नवी पाडू, विसाचीच. बिट मी पाठवते, चार नळ्याही. अन् ऐका, त्याला कामावरून काढा असं मी म्हणत नाही. फक्त भरायच्या वेळी तुम्ही उभे राहा."

"सगळ्या कापायच्या?" हनुमाननं रामेश्वरला विचारलं.

"सगळ्या."

"समद्याच?"

"समद्याच, हनुमान."

ग्राइंडर रामेश्वरनं स्वतःच हातात घेतला. दुसऱ्या कोणाला देववेना. एकेका सळईच्या मुळाशी पातं लावायचं, ठिणग्या उडायच्या, अन् सळई खाली सुक्या नाल्यात पडायची. दगडावर आदळली की खणकन वाजायची. हनुमान नाल्यात उभा होता. पडलेली प्रत्येक सळई उचलायचा अन् बाजूला ओळीनं ठेवायचा. तापलेल्या टोकाला हात लागत असणार, पण त्यानं हातमोजे घातले नव्हते. रामेश्वरला त्याला सांगायचं होतं की मोजे घाल. सांगायचं होतं की बिट तुटलं तर मोठं लावणं कुणालाही सुचतं, अन् माझा हिशोब वाचवायला तू हे केलंस हे मला कळलंय. पण ग्राइंडर चालू होता. बंद केला असता तर गळ्यातून शब्दांऐवजी दुसरंच काहीतरी निघालं असतं, अन् वर बन्सी उभा होता, पुलावरून माणसं जात होती. म्हणून त्यानं ग्राइंडर बंद केला नाही. शेवटच्या सळईपर्यंत केला नाही.

दुपारी रामेश्वर दोघांच्या पत्र्याच्या खोलीत जेवायला गेला तेव्हा हनुमानची पिशवी नव्हती. घोंगडीही नव्हती. भाकरी फडक्यात तशीच बांधलेली होती.

"जीपनं गेला," बन्सी म्हणाला. "मी म्हणलं, अरं लेका, मॅडमनी ठेवलंय तुला. तर म्हणला, मला ठेवलंय, त्यांना नाय ठेवलं." बन्सीनं डोळे पुसले अन् मग आपण डोळे पुसले म्हणून एक शिवी हासडली.

रामेश्वरनं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

गावीच गेला असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. जाणार तरी कुठं? दुसऱ्या दिवशी नवी बिटं आली. दोन भोकांच्या मधोमध त्यानं नवी भोकं पाडली, विसाची. मशीन छातीला टेकवलं की त्याला भिंतीच्या कानात काही सांगावंसं वाटायचं, पण काय सांगतात ते त्याला माहीत नव्हतं. भोकं हवेनं, ब्रशनं, पुन्हा हवेनं साफ झाली. बन्सी सळया आणून देत होता. रामेश्वरनं पहिली नळी गनमध्ये घातली, पहिले फवारे फेकून दिले, केमिकल एकसारखं करडं आलं तेव्हा नोझल तळापर्यंत घातलं. काही भोकं भरून झाली अन् फोन वाजला. बानाबाईचा. नोझल हातात तसंच धरून त्यानं फोन कानाला लावला.

"रामेश्वर, हनुमानचा फोन आला व्हता," आई म्हणाली. "दुसऱ्याच्या नंबरवरून. वैजापूरच्या स्टँडवर व्हता. कुण्या कारभाऱ्याची मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला निघालाय. चाकरीला राह्यला. घरी येत नाय म्हणला. अन् तुला सांग म्हणला, हुडकू नको. काय झालं तिकडं?"

रामेश्वरनं सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं. भोकं मोठी पडली, केमिकल कमी पडलं, त्यानं ते सगळ्यांना सारखं वाटलं.

पलीकडं कुठंतरी रांजणावरचं झाकण सरकल्याचं ऐकू आलं.

"मग चुकलं काय त्याचं?" बानाबाईनं विचारलं.

उत्तर होतं. मॅडमनी दिलेलं उत्तर, बरोबर उत्तर, आकड्यासकट. ते त्यानं आईला दिलं नाही.

"तू बोलला त्याला?" आईनं विचारलं. "रागं भरला?"

"नाय आई. एक शब्द बोललो नाय. मला राग आलाच नव्हता."

"हे त्याला सांगितलंस?"

बन्सी पुढची सळई घेऊन शेजारी उभा होता. ऊन डोक्यावर चढलं होतं. बानाबाईनं आणखी काही विचारलं नाही, पण फोनही ठेवला नाही. दोघं तसेच, दोन टोकांना, एकमेकांचा श्वास ऐकत राहिले. शेवटी तिनं "जेवून घे" म्हटलं अन् फोन बंद झाला.

रामेश्वरनं गन दाबली. काही आलं नाही. एवढ्या वेळात नोझलमधलं मिसळलेलं केमिकल आतल्या आत दगड झालं होतं. त्यानं नोझल काढून फेकलं, नवं लावलं, अन् पहिले फवारे पुन्हा मातीत सोडू लागला, करडा रंग एकसारखा येईपर्यंत.